चार कार्डं आणि मधला समुद्र

पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी आणि दोन वर्षांपूर्वी टोरांटोला गेलेला तिचा मित्र, अशी एक जोडी डोळ्यांसमोर आणू. उन्हाळ्यात या दोन शहरांच्या घड्याळांत साडेनऊ तासांचं अंतर असतं. तिच्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा त्याची जेवणाची सुट्टी चालू असते. तो रात्री निवांत होतो तेव्हा तिची सकाळची धावपळ. लग्नाचा विषय निघतो आणि फोनसोबत संपतो. ‘आमचं काय होणार?’ हा प्रश्न घेऊन ती टॅरो वाचणाऱ्या बाईंसमोर बसते.

जाणकार बाई हा प्रश्न जसाच्या तसा घेत नाहीत. हो-नाहीच्या उत्तराला इथे जागाच नसते, म्हणून आधी तो बदलून घेतात: ‘आमचं नातं आज कुठे अडलंय आणि असंच चालू राहिलं तर कुठे जाईल?’ मग ७८ कार्डं पिसून, काटून चार कार्डं मांडली जातात. डावीकडे तिचं मन, उजवीकडे त्याचं. दोघांच्या मधोमध आडवं ठेवलेलं कार्ड अडथळ्याचं, आणि वरचं चौथं दिशेचं.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रायडर-वेट संच वापरतात. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या संचाची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. वाचन चालतं ते याच चित्रांवर.

समजा, तिच्या जागी टू ऑफ स्वॉर्ड्स आलं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीशी दोन तलवारींची फुली, पाठीमागे समुद्र. निर्णय टाळणाऱ्या मनाचं हे कार्ड. त्याच्या जागी थ्री ऑफ वाँड्स: उंचावर उभा राहून दूरची जहाजं पाहणारा पाठमोरा माणूस. त्याचं लक्ष पुढच्या संधींवर आहे, आणि तो वाटही पाहतो आहे. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली की एक गोष्ट लगेच दिसते. एकीला दिसत नाही, दुसऱ्याने पाठ फिरवली आहे.

अडथळ्याच्या जागी टू ऑफ पेंटॅकल्स. एक तरुण दोन नाणी सतत खालीवर झेलतो आहे आणि मागे उंच लाटांवर जहाजं हेलकावतात. इथे तिसरी व्यक्ती किंवा आटलेलं प्रेम शोधायची गरज नाही. नोकरी, पैसा, घड्याळ यांची रोजची कसरत हाच अडथळा. दिशेला आलेलं सिक्स ऑफ स्वॉर्ड्स नावेचं आहे: नावाडी, अंग चोरून बसलेली बाई, तिच्याजवळ मूल, नावेत उभ्या सहा तलवारी. एका बाजूचं पाणी खळबळतं, दुसरीकडचं सपाट. कोणीतरी जागा बदलणार, आणि तलवारी सोबत घेऊनच, म्हणजे जुनी दुखणी किनाऱ्यावर राहणार नाहीत.

चारही चित्रांत पाणी आहे, पण प्रेमाचा संच मानला जाणारा कप्सचा एकही पत्ता नाही. इथेच घाबरवणारं वाचन सुरू होतं: ‘भावनाच उरलेली नाही.’ हे साफ चुकीचं आहे. ७८ पैकी १४ कार्डं कप्सची, त्यामुळे चार कार्डं काढली तर शंभरातल्या सुमारे पंचेचाळीस वेळा त्यांतलं एकही येत नाही. इतक्या साध्या गोष्टीवरून कोणाच्या नात्यावर निकाल देणं अन्यायाचं आहे.

त्याहून नाजूक जागा उजवीकडच्या कार्डाची. तो मुलगा खोलीत नाही, प्रश्न त्याने विचारलेला नाही. पाठमोऱ्या माणसाचं चित्र पाहून ती ‘तो मला विसरत चाललाय’ म्हणाली, तर ती तिची भीती झाली. त्याच्या मनाची बातमी नव्हे. टॅरोने दुसऱ्याचं मन किंवा भविष्य कळतं याला पुरावा नाही. चांगली वाचक हे स्पष्ट सांगते आणि मुलीला विचारते, ‘असं तुला कधीपासून वाटतंय?’ या प्रश्नावर बरेचदा खरं बोलणं सुरू होतं.

वाचन बिघडतंय हे ओळखायची एक सोपी खूण आहे. नावडतं कार्ड आलं की ‘खुलाशासाठी’ आणखी एक काढायचं, मग आणखी एक. सातव्या-आठव्या कार्डापर्यंत हवं ते उत्तर मिळतंच, कारण तोवर निवडायला भरपूर चित्रं हाताशी असतात. दर आठवड्याला तोच प्रश्न घेऊन येणाऱ्या, दर वेळी पैसे मोजणाऱ्या माणसाला थांबवणं हे वाचणाऱ्याचं काम आहे.

म्हणून चार कार्डांची नावं आणि तारीख वहीत लिहून ती गोळा केली जातात. दिशेच्या कार्डाखाली मुलगी स्वतःच्या अक्षरात एक प्रश्न लिहिते: ‘तू यायचं की मी, आणि हे कधीपर्यंत ठरवायचं?’ तो विचारायची वेळही ती लिहून ठेवते. रविवार, सकाळी साडेसात. तिकडे तेव्हा शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतील आणि दोघांनाही कुठे जायची घाई नसेल.