पाच हजार पावत्या : टाइप करायच्या की ओसीआर?

समजा, मेसच्या ५००० छापील पावत्यांचे फोटो तुमच्यासमोर आहेत. प्रत्येकातला पावती नंबर, तारीख, नाव आणि रक्कम एक्सेलमध्ये हवी आहे. "टाइप कसलं करतोस, ओसीआर मार ना!" असा सल्ला रूममधला कुणीतरी देतोच. ओसीआर म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर. टेसरॅक्ट तर फुकट मिळतं. पण आधी कागद-पेन्सिल घ्या.

ओसीआर ९९ टक्के अक्षरं बरोबर वाचतं असं धरू. ऐकायला झकास! पण एका पावतीत ४० अक्षरं असतील, तर सगळीच्या सगळी बरोबर येण्याची शक्यता ०.९९ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे ६७ टक्के. थोडक्यात, दर तिसऱ्या पावतीत काहीतरी चुकलेलं असणार. आणि ते कुठल्या पावतीत, हे शोधायला सगळ्याच नजरेखालून घालाव्या लागणार.

आता वेळ मोजू. हाताने टाइप करायला पावतीमागे ४५ सेकंद लागतात असं समजा. ओसीआरनंतर तपासायला १५ सेकंद, आणि चुकलेली दुरुस्त करायला ३० सेकंद. चुकलेल्या एक तृतीयांशच असल्याने ही दुरुस्ती सरासरी १० सेकंदांवर येते. म्हणजे पावतीमागे २५ सेकंद, बचत २० सेकंद. पण फोटो सरळ करणं, कापणं, प्रोग्राम जुळवणं यात सुरुवातीलाच १० तास जातात. ते भरून निघायला १८०० पावत्या लागतात. त्याहून कमी असतील तर सरळ टाइप करा. ५००० ला मात्र साडेबासष्ट तासांऐवजी सुमारे पंचेचाळीस तासांत काम होईल.

फोटो हलके, सावली पडलेले असतील आणि अचूकता ९० टक्क्यांवर आली, तर जवळजवळ प्रत्येक पावती चुकते. मग तपासणी १५ अधिक दुरुस्ती ३०, म्हणजे पुन्हा ४५ च! तिथे ओसीआर कधीच परवडत नाही. म्हणून आधी गठ्ठ्यातून कुठलेही १०० फोटो उचला (चांगले निवडू नका!), दोन्ही पद्धतींनी करा आणि घड्याळ लावा. अक्षरं किती चुकली ते नको, पावत्या किती चुकल्या ते मोजा.

शेवटी, चूक कुठे झाली यालाही महत्त्व आहे. नावातली वेलांटी चुकली तर कळतं. पण ३ चा ८ झाला तर रक्कम तशीच खरी वाटते, डोळ्याला खटकत नाही. हाताने टाइप करणाराही १५४६ चं १५६४ करतोच. म्हणून दोन्ही पद्धतींत रोजच्या पावत्यांची बेरीज रोजकीर्दीतल्या आकड्याशी ताडून बघा. फरकाला ९ ने भाग गेला, तर आधी अंकांची अदलाबदल शोधा. इथे फरक १८ आहे. अशी बेरीज उपलब्धच नसेल, तर रकमेचा रकाना तेवढा दोघांनी वेगवेगळा टाइप करावा आणि न जुळणाऱ्या ओळी फोटोशी ताडाव्यात. बाकीचं ओसीआरवर सोडलं तरी चालेल.