कपाळावरची लव

‘केस थोडे पुढे आणा’, ही मागणी फोटो स्टुडिओत नेहमीचीच. बहुतेक ठिकाणी काळ्या ब्रशने नवी किनार ओढून ती पुरी केली जाते, आणि फोटोतल्या माणसाने टोप घातल्यासारखा वाटतो. खऱ्या कपाळावर केसांची अशी रेघ कुठेच नसते. सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटरचा एक पट्टा असतो. त्यात पुढे लव, मग एकेकटे सुटे केस आणि मागे दाट केस असतात. मधून कातडी दिसत राहते. काम या पट्ट्याचं आहे.

समजा, पन्नाशीतल्या गृहस्थांचा समोरून काढलेला फोटो आहे आणि दोन्ही कोपऱ्यांत केस दोन सेंटिमीटर मागे गेले आहेत. ते एकच सेंटिमीटर पुढे आणावेत. या वयात कोपरे थोडे आत असणं स्वाभाविक असतं. ते पूर्ण भरले की चेहरा परका दिसतो.

आता माप. केसांपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा साधारण १८ सेंटिमीटर धरला आणि फोटोत तो १८०० पिक्सेल असला, तर एक मिलिमीटर म्हणजे १० पिक्सेल. डोक्यावरचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड, म्हणजे एका पिक्सेलपेक्षाही बारीक. तीन पिक्सेलच्या गडद ब्रशने काढलेला केस म्हणूनच तारेसारखा दिसतो.

फोटोशॉपमध्ये नवा लेयर घेऊन तो Multiply वर ठेवावा आणि मऊ ब्रशने अगदी फिकी सावली द्यावी. विरळ केसांखालची कातडी जरा गडद दिसते, ते काम ही सावली करते. त्यावर वेगळ्या लेयरवर एक पिक्सेलचा ब्रश अर्ध्या अपारदर्शकतेवर घेऊन केस काढावेत. रंग त्याच माणसाच्या केसांतून उचलावा. पांढरे असतील तर तेही मिसळावेत. फटकारा मुळापासून टोकाकडे जावा आणि टोकाला विरत जावा. मधले केस पुढे झुकतात, कोपऱ्यातले हळूहळू कानाकडे वळतात. शेजारचे खरे केस पाहून दिशा ठरवावी. काही केस एकमेकांना छेदू द्यावेत.

लव शेवटी काढावी: आखूड, किंचित वळलेली, तपकिरी आणि बरीच फिकी. ती सम अंतरावर आली की बनाव लगेच उघड होतो. मग काढलेल्या केसांना मूळ फोटोइतकाच धूसरपणा आणि तेवढेच दाणे द्यावेत, नाहीतर नवे केस जुन्यांपेक्षा धारदार दिसतात.

केस विरळ करायचे असतील, तर क्रम उलटा. कपाळाची कातडी उचलून केसांच्या मधून बारीक फटकारे मारायचे आणि पुढची थोडी लव तशीच ठेवायची. ती पुसली की मुंडण केल्यासारखं दिसतं.

काम झाल्यावर फोटो आडवा उलटून आणि छपाईच्या आकारात पाहावा. नजर आधी केसांकडे गेली, तर घनता जास्त झाली आहे. आणि पासपोर्टच्या फोटोवर यातलं काहीही करू नये. तिथे संपादित केलेला फोटो चालत नाही.