पैसे कापले, पण फॉर्मवर 'फी बाकी'
मुलामुलींच्या परीक्षा फीबाबत सभासदांना उपयुक्त माहिती



गाळप हंगाम ऐन भरात असतो, तोडणीची टोळी फडात असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातल्या बारावीच्या मुलामुलींचे प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरायचे असतात. हल्ली हे फॉर्म नि त्यांची फी, दोन्ही ऑनलाइन. गट ऑफिसात उसाच्या नोंदीसाठी येणाऱ्या सभासदांकडून आम्ही एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकतो. "खात्यातून पैसे तर गेले, मोबाईलवर बँकेचा मेसेजही आला, पण फॉर्म उघडला की फी भरलीच नाही असं दाखवतंय. आता पैसे मागायचे कोणाकडे आणि फॉर्मचं काय?"

ह्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पैसे कुठे अडकले हा एक भाग, फॉर्म पुरा झाला की नाही हा दुसरा. पैसे उशिरा का होईना परत मिळतात. फॉर्मची मुदत मात्र एकदा गेली की पोराचे वर्ष जाते. म्हणून आधी फॉर्म, मग पैसे, हा क्रम सोडू नये.

असे होते कशामुळे?

आपला ऊस काट्यावर गेला, वजन झाले, गाडी रिकामी होऊन परतही आली, पण काट्याची नोंद काही कारणाने हिशेब खात्यात पोचली नाही, तर काय होईल? ऊस तर गेला, पण आपल्या नावावर टनेज दिसणार नाही. फीचेही तसेच आहे. आपल्या बँकेतून पैसे निघतात ते थेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे जात नाहीत. मध्ये पैसे गोळा करून देणारी एक यंत्रणा असते, तिला पेमेंट गेटवे म्हणतात. पैसे मिळाल्याचा निरोप ह्या गेटवेकडून फॉर्मच्या वेबसाइटला जावा लागतो. पैसे निघाले आणि तेवढ्यात रेंज गेली, पान बंद झाले, कोणी मागे जाण्याचे बटण दाबले किंवा शेवटच्या दिवसांच्या गर्दीत वेबसाइट अडखळली, की निरोप वाटेतच राहतो. म्हणून खात्यात खर्च दिसतो आणि फॉर्मवर बाकी दिसते. पासबुकात परीक्षेच्या नावाऐवजी गेटवे कंपनीचे नाव दिसले तरी घाबरू नये, ते तसेच असते.

पैसे कुठे आहेत हे कसे ओळखावे?

ज्या ॲपवरून पैसे दिले त्यात तो व्यवहार उघडून पाहावा. तिथे तीनपैकी एक स्थिती दिसेल. `Failed` असेल तर व्यवहार बुडाला, कापलेले पैसे बँकेने परत करायचे आहेत. `Pending` असेल तर निकाल लागलेला नाही, तो व्यवहार पुढे पुरा होईल किंवा पैसे मागे येतील. `Success` असेल तर आपल्या बँकेच्या लेखी पैसे पुढे पोचले, म्हणजे अडचण गेटवे आणि वेबसाइट यांच्यामध्ये आहे.

त्याच पानावर १२ आकडी क्रमांक असतो, त्याला `UTR` किंवा `UPI Ref No` असे लिहिलेले असते. हीच आपली काटा पावती समजा. ॲपचा स्वतःचा वेगळा लांबलचक क्रमांकही तिथे असतो, पण बँक विचारते ती ह्या १२ आकड्यांची खूण. तो कागदावर लिहून ठेवावा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा.

एक उदाहरण तारखेनिशी

२०२५ सालच्या वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचे फॉर्म ७ फेब्रुवारीला सुरू झाले आणि ७ मार्चला रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी बंद झाले. सर्वसाधारण गटाला फी १,७०० रुपये, इतर मागासवर्ग व आर्थिक दुर्बल गटाला १,६०० रुपये, आणि अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांना १,००० रुपये होती. ह्या परीक्षेच्या माहिती पुस्तिकेतला नियम स्पष्ट होता. फी भरल्यावर `Confirmation Page` हे पान तयार झाले तरच फॉर्म पुरा. ते तयार झाले नाही तर तो व्यवहार रद्द समजून पैसे परत होतील, आणि उमेदवाराने पुन्हा फी भरावी.

आता समजा, एका सभासदाच्या मुलीने ५ मार्च, बुधवारी संध्याकाळी यूपीआयवरून १,६०० रुपये भरले. पैसे कापले गेले, पान गोल गोल फिरत राहिले आणि मग बंद पडले. तिने आणि वडिलांनी काय करावे?

त्या संध्याकाळी लगेच पुन्हा पैसे भरू नयेत. वेबसाइटमधून पूर्ण बाहेर पडावे आणि तासाभराने पुन्हा आत जाऊन पाहावे, कारण पुष्कळदा उशिरा का होईना निरोप पोचतो. काही वेबसाइटवर फीची स्थिती तपासण्याचे वेगळे बटण असते, ते दाबून पाहावे. ॲपमधली स्थिती आणि १२ आकडी क्रमांक टिपून ठेवावा.

६ मार्चला सकाळी पुन्हा पाहावे. अजून बाकीच दिसत असेल तर परीक्षा संस्थेच्या मदत केंद्राला फोन करावा आणि फॉर्मचा अर्ज क्रमांक व तो १२ आकडी क्रमांक देऊन ई-मेलही पाठवावा. पण उत्तराची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी दुसऱ्या मार्गाने, म्हणजे कार्डाने, नेट बँकिंगने किंवा घरातल्या दुसऱ्याच्या खात्यातून, पुन्हा फी भरावी. फी उमेदवाराच्याच खात्यातून गेली पाहिजे असे नाही. `Confirmation Page` निघाले की त्याची प्रत काढून घ्यावी. मुलीचे काम इथे झाले.

हीच अडचण ७ मार्चच्या रात्री आली असती, तर तासाभराचीही उसंत नव्हती. तेव्हा लगेच दुसऱ्यांदा फी भरणे हाच शहाणपणा. पैसे परत येण्याच्या नियमाला पाच दिवस लागतात आणि फॉर्म बंद व्हायला काही मिनिटे उरलेली असतात. पैसे कापले होते एवढ्यावर फॉर्मची मुदत वाढवून मिळेल असा नियम नाही.

पहिले १,६०० रुपये कधी मिळणार?

ह्याबाबत रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे. खात्यातून पैसे गेले, पण घेणाऱ्याकडे ते मिळाल्याची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत पैसे आपोआप खात्यात परत आले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने, ग्राहकाने मागणी न करताही, द्यायची आहे. यूपीआय आणि ऑनलाइन कार्ड, दोन्हींना हा नियम आहे.

आपल्या उदाहरणात व्यवहार ५ मार्चचा, म्हणजे मुदत १० मार्चपर्यंत. पैसे १४ मार्चला परत आले, तर चार दिवस उशीर झाला आणि ४०० रुपये भरपाई निघते.

पण ह्या नियमाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. पहिले पैसे खरोखरच परीक्षा संस्थेच्या नावावर जमा झाले असतील, तर बँकेच्या हिशेबी व्यवहार यशस्वी ठरतो आणि ही भरपाई लागू होत नाही. तेव्हा फी दोनदा भरली गेली असे होते, आणि जादा रक्कम परीक्षा संस्थेकडून किंवा गेटवेकडून मागावी लागते. त्यासाठी दोन्ही व्यवहारांचे क्रमांक आणि पासबुकाचा उतारा जोडावा.

तक्रार कशी करावी?

११ मार्चपर्यंत पैसे आले नाहीत तर ॲपमध्ये त्याच व्यवहाराखाली तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. शिवाय आपल्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगून आलो म्हणजे तक्रार केली असे होत नाही. मजकूर एवढा पुरे:

"माझ्या खात्यातून दि. ५-३-२०२५ रोजी परीक्षा फीसाठी रु. १,६०० कापले गेले. यूपीआय क्रमांक (१२ आकडे) असा आहे. फी परीक्षा संस्थेकडे जमा झालेली नाही, सोबत फॉर्मच्या पानाची प्रत जोडली आहे. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०-९-२०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे रक्कम व उशिराची भरपाई माझ्या खात्यात जमा करावी."

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. तिला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र आधी बँकेकडे तक्रार केल्याची पोच लागतेच, म्हणून ती जपून ठेवावी.

सेवा केंद्रावर फॉर्म भरणाऱ्यांसाठी

आपल्यातले पुष्कळ जण गावातल्या सेवा केंद्रावर रोख पैसे देऊन फॉर्म भरतात. केंद्रचालक सांगतो, "मामा, पैसे गेलेत, तुम्ही जावा निवांत." पण पैसे त्याच्या खात्यातून गेलेले असतात, आणि परत येतात तेही जिथून गेले तिथेच, म्हणजे त्याच्याच खात्यात. तेव्हा `Confirmation Page` ची प्रत हातात पडल्याशिवाय केंद्र सोडू नये. ती निघाली नाही तर व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि तारीख त्याच्याकडून लिहून घ्यावी, आणि सहाव्या दिवशी त्याला खाते तपासायला सांगावे. जमले तर फी घरच्याच मोबाईलवरून भरावी.

फसवणुकीपासून सावध

पैसे अडकलेला माणूस इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधतो, आणि तिथे ठगांनी टाकलेले खोटे नंबर असतात. "पैसे परत देतो, पिन टाका" असे कोणी सांगितले तर फोन ठेवून द्यावा. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन लागत नाही आणि ओटीपीही कोणाला सांगावा लागत नाही. नंबर घ्यायचा तो बँकेच्या पासबुकावरचा किंवा परीक्षेच्या माहिती पुस्तिकेतला. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे.

पुढच्या हंगामात फॉर्म निघतील तेव्हा फी मुदतीच्या किमान सात-आठ दिवस आधी भरावी. मग पैसे अडकले तरी ते पाच दिवसांत परत येतात की नाही हे पाहून, त्याच पैशांनी पुन्हा फी भरता येईल, आणि दुसऱ्या रकमेची तजवीज करण्याची वेळ येणार नाही.