बाजाराला किती माहीत असते?

२३ सप्टेंबर २००८. लेहमन ब्रदर्स बुडून जेमतेम आठवडा झाला होता. त्या दुपारी गोल्डमन सॅक्सच्या संचालकांनी वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडून ५ अब्ज डॉलर घ्यायला फोनवरच्या बैठकीत मंजुरी दिली. बैठक संपताच संचालक रजत गुप्ता यांनी गॅलियन फंडाचे राज राजरत्नम यांना फोन केला. बाजार बंद व्हायला काही मिनिटे उरली होती, तेवढ्यात गॅलियनने गोल्डमनचे शेअर उचलले. घोषणा झाली ती बाजार बंद झाल्यावर.

त्या दिवशीचा बंद भाव होता १२५.०५ डॉलर. यूजीन फामा यांनी १९७० मध्ये कार्यक्षम बाजाराची जी तीन रूपे मांडली, ती या एका भावावर तपासता येतात.

दुर्बल रूप म्हणते, की मागचे सगळे भाव आजच्या भावात मुरलेले असतात. तसे असेल तर गोल्डमनचा चार्ट कितीही न्याहाळला तरी बफे यांचा पैसा त्यात दिसणार नव्हता. तांत्रिक विश्लेषणाला इथेच पूर्णविराम मिळतो. ताळेबंद वाचणाऱ्याला मात्र अजून वाव उरतो.

अर्धसबल रूप तोही काढून घेते, कारण जाहीर झालेली प्रत्येक माहिती भावात लगेच उतरते. दुसऱ्या सकाळी शेअर १२८.४४ वर उघडला आणि १३३ वर बंद झाला. म्हणजे वाढ ६.४ टक्के. ही सगळी वाढ बातमीची, असे लगेच म्हणता येत नाही. आधी बाजाराचा वाटा काढावा लागतो. त्या दिवशी एस अँड पी ५०० सुमारे ०.२ टक्के घसरला. शेअरचा बीटा १.५ धरला, तर अपेक्षित बदल उणे ०.३ टक्के, म्हणून असाधारण परतावा सुमारे ६.७ टक्के. पण सकाळी बातमी वाचून खरेदी करणाऱ्याला त्यातला काही भाग उघडतानाच हुकला होता.

उघडल्यानंतरही भाव चढला, मग अर्धसबल रूप खोटे ठरले का? एका दिवसावरून तसे ठरत नाही, कारण दिवसभरात इतर बातम्याही येतात. शिवाय बीटाचा अंदाज चुकला, तर तो परतावा असाधारण होता की जोखमीचा मोबदला, हेच कळत नाही. फामांनी मान्य केलेली ही अडचण आजही सुटलेली नाही. ग्रॉसमन आणि स्टिग्लिट्झ यांनी १९८० मध्ये आणखी एक मुद्दा मांडला: भावात सगळेच आधी उतरत असेल, तर माहिती काढायला खर्च कोण करील? माझ्या मते मूलभूत विश्लेषणाची उरलेली जागा ती हीच, आणि ती अरुंद आहे.

सबल रूपानुसार गुप्त माहितीही भावात असते. ती असती, तर गॅलियनला त्या खरेदीत फायदा झालाच नसता. तो झाला, म्हणून हे रूप टिकत नाही. पण तो मार्ग गुन्ह्याचा आहे. राजरत्नम यांना ११ वर्षांची आणि गुप्ता यांना २ वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हा चार्ट वाचा किंवा ताळेबंद, पण दर वर्षाअखेरीस दलाली आणि कर वजा करून आपला परतावा तेवढ्याच जोखमीच्या निर्देशांक फंडाशी ताडून पाहा.