लसीनंतरचा ताप आणि पॅरासिटामॉल: कधी द्यावे, किती द्यावे

पाड्यावरच्या लसीकरणाच्या दिवशी बाळाच्या मांडीत सुई टोचून झाली की बहुतेक आया एकच प्रश्न विचारतात: ताप येईल का, आणि औषध आत्ताच पाजू का? पुष्कळ ठिकाणी ‘हो, घरी गेल्यावर देऊन टाका’ असेच सांगितले जाते. आपल्यापैकी अनेकजण अशा गावांसाठी औषधे पाठवतात आणि त्यात पॅरासिटामॉल हमखास असते. म्हणून या प्रश्नाचे नीट उत्तर आपल्यालाही ठाऊक असायला हवे.

सरकारी वेळापत्रकानुसार बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट लस मिळते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब अशा पाच आजारांवरची ही एकच लस आहे. तिच्यातला डांग्या खोकल्याचा भाग मारलेल्या अख्ख्या जंतूंपासून बनवलेला असतो आणि ताप येतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. शरीर त्या जंतूंची ओळख करून घेते, त्यांच्याशी लढणारी प्रतिद्रव्ये तयार करते आणि या धावपळीत अंग तापते. हा ताप बहुधा त्याच दिवशी किंवा रात्री चढतो आणि दोन दिवसांत उतरतो. मांडी थोडी लाल होते, दुखते, बाळ किरकिरते. सगळ्याच बाळांना ताप येतो असे नाही.

मग ताप येण्याआधीच औषध दिले तर काय बिघडते? याचे उत्तर शोधण्यासाठी चेक प्रजासत्ताकात 459 बाळांवर एक अभ्यास झाला आणि तो 2009 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्या बाळांना लस दिल्यावर पहिल्या चोवीस तासांत ठराविक वेळाने पॅरासिटामॉलचे तीन डोस दिले, बाकीच्यांना दिले नाहीत. औषध दिलेल्या 226 बाळांपैकी 94 जणांना ताप आला, तर न दिलेल्या 233 पैकी 154 जणांना आला. म्हणजे ताप नक्कीच कमी झाला. पण रक्त तपासल्यावर दिसले की औषध दिलेल्या बाळांमध्ये न्यूमोकोकस, हिब, घटसर्प, धनुर्वात अशा अनेक आजारांवरची प्रतिद्रव्येही कमी तयार झाली होती. शिवाय 39.5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप दोन्ही गटांत क्वचितच आला. ज्याची भीती वाटते तो मोठा ताप मुळातच दुर्मीळ होता.

हा निष्कर्ष वाजवीपेक्षा ताणू नये. औषध मिळालेल्या बहुतेक बाळांनाही संरक्षण मिळाले होते, आणि त्या लशी आपल्याकडच्या पेंटाव्हॅलंटपेक्षा थोड्या वेगळ्या होत्या. त्यामुळे ज्या आईने आधीच औषध पाजले तिने घाबरू नये. लस वाया गेलेली नाही. पण ज्याची गरज नाही आणि ज्याने लसीचे काम थोडे तरी मंदावू शकते, ते सरसकट का द्यावे? जागतिक आरोग्य संघटनाही लसीआधी किंवा लसीच्या वेळी पॅरासिटामॉल देण्याची शिफारस करत नाही. एक अपवाद माहीत असावा. ब्रिटनमध्ये मेनिंगोकोकस बी या लसीने ताप खूपदा येतो, म्हणून तिथे लहान बाळांना त्या लसीबरोबर पॅरासिटामॉल मुद्दाम देतात. ती लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. विलायतेतील नातेवाईक वेगळे सांगतात ते यामुळे.

थोडक्यात, औषध घरात असू द्यावे, पण ताप येऊन बाळ बेचैन झाले तरच द्यावे. बाळ कोमट लागत असेल पण खेळत असेल, दूध पीत असेल, तर अंगावरचे जाड कपडे काढावेत आणि वारंवार अंगावर पाजावे, एवढे पुरते.

आता डोस. इथे चूक झाली तर ती महागात पडते. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो: दर किलोला एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम. दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवावे आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस देऊ नयेत. आपल्या पाड्यांवर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण जन्मतः कमी वजनाचे बाळ चौदा आठवड्यांचे झाले तरी साडेचार किलोचेच असू शकते. पुस्तकातल्या वयाप्रमाणे डोस दिला तर त्याला तो जास्त होतो.

समजा, असेच साडेचार किलोचे बाळ आहे. त्याला एका वेळी 45 ते 67 मिलिग्रॅम चालतील. आपण 60 धरू. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असते, म्हणून ड्रॉपरच्या खुणेने 0.6 मिलिलिटर द्यावे. सिरपवर ‘5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल तर 2.4 मिलिलिटर. ‘5 मिलिलिटरमध्ये 250’ असेल तर त्याच्या निम्मे, म्हणजे 1.2 मिलिलिटर.

आता चुका कशा होतात ते पाहा. थेंबांची बाटली सिरप समजून एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर पाजले, तर बाळाच्या पोटात 500 मिलिग्रॅम जातात. हे योग्य डोसाच्या आठपट झाले आणि त्याने यकृताला गंभीर इजा होऊ शकते. दुसरी चूक पाव गोळीची. 500 च्या गोळीचा पाव तुकडा म्हणजे 125 मिलिग्रॅम. नऊ किलोच्या मुलाला तो बरोबर बसतो, पण या बाळाला दुप्पट होतो. तिसरी चूक म्हणजे पॅरासिटामॉल आधीच असलेले सर्दीचे औषध सोबत देणे. जास्त डोस गेला असे कळले तर बाळ बरे दिसत असले तरी लगेच बाटली घेऊन दवाखाना गाठावा, कारण यकृताची लक्षणे उशिरा दिसतात.

प्रत्येक ताप लसीचा नसतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर औषध देण्याआधी आशाताई किंवा नर्सबाईंना दाखवावे. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल, झटके आले, श्वास जोरात चालला असेल किंवा तीन तासांहून जास्त वेळ न थांबता रडत असेल, तर वय काहीही असो, थेट दवाखान्यात न्यावे. ताप दोन दिवसांहून जास्त टिकला तर लसीला दोष देऊन घरी थांबू नये. हिवतापाच्या भागात रक्त तपासून घ्यावे.

यापुढे औषधे पाठवताना एवढे पाहावे. एका गावासाठी एकाच ताकदीचे औषध द्यावे, म्हणजे गोंधळ होत नाही. प्रत्येक बाटलीबरोबर खुणा असलेला ड्रॉपर किंवा सुईविना सिरिंज असावी, आणि शक्य तर एक थर्मामीटर. बाटलीवर डोस कोणी लिहायचा हे मात्र नर्सबाईंवर सोडावे. त्या लसीच्या दिवशी बाळाचे वजन करतील, त्यावरून हिशेब करतील आणि ड्रॉपरवरची खूण आईला बोट ठेवून दाखवतील.