तारीख चुकली की व्हॉट्सॲप का अडतं?

भडगावच्या एखाद्या घरात कपाटात पडून राहिलेला जुना फोन चार्ज करून सुरू केला, की पडद्यावर कधी कधी १ जानेवारी २०१५ अशी तारीख दिसते. बॅटरी पूर्ण उतरल्यावर आतलं घड्याळही थांबलेलं असतं. व्हॉट्सॲप उघडताच ‘फोनची तारीख चुकीची आहे’ असा संदेश येतो.

जोडणीआधी व्हॉट्सॲपचा सर्व्हर आपलं डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं नोंदवलेलं असतं. फोनच्या लेखी अजून २०१५ सालच चालू असल्याने ते प्रमाणपत्र लागूच झालेलं नसतं, म्हणून जोडणी नाकारली जाते. हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे.

सेटिंग्जमध्ये ‘Date & time’ उघडा, तारीख-वेळ आणि टाइम झोन दोन्ही ‘ऑटोमॅटिक’ करा. रेंज नसेल तर तारीख हाताने घाला, पण टाइम झोन भारताचाच, म्हणजे GMT+5:30 ठेवा. झोन लंडनचा ठेवून काटे भारताप्रमाणे फिरवले, तर घड्याळ बरोबर दिसतं, पण फोनचा आतला हिशेब काही तास चुकतो.

तारीख, साल, झोन सगळं बरोबर असूनही संदेश हटत नसेल, तर ॲपची आवृत्ती कालबाह्य झालेली असू शकते. ती प्ले स्टोअरवरूनच अपडेट करा.