दहा गुंठ्यांची वाटणी

वाटपाचा दावा जिंकला म्हणजे जमीन हाती आली, असे गावाकडे सगळेच धरून चालतात. महाराष्ट्रात तसे होईलच असे नाही. एक नमुन्याचे कुटुंब घेऊन पाहू.

आजोबांनी स्वतः घेतलेली चार एकर, म्हणजे 160 गुंठे जिरायत जमीन. मृत्युपत्र नाही, आजी आधीच गेलेली. दोन मुलगे, दोन मुली. प्रत्येकाचा वाटा 40 गुंठे. पुढे थोरला मुलगा वारला. त्याचे 40 गुंठे त्याची बायको, दोन मुलगे आणि मुलगी यांच्यात सारखे वाटले गेले. मुलीच्या नावावर आले 10 गुंठे. सातबारावर वारसांची रांग लागली, पण जमीन कसतो धाकटा काका, आणि तो खातेफोडीला तयार नाही. सगळ्यांची संमती असती तर काम तहसीलदारांकडेच झाले असते. शेवटी मुलीने दिवाणी न्यायालयात दावा लावला.

इथे पहिली चूक बहुधा आत्यांच्या बाबतीत होते. ‘त्यांनी हक्क सोडलाय’ असे घरात सगळे सांगतात, पण नोंदणी केलेले हक्कसोडपत्र कुणाकडेच नसते. मग आत्यांनाही प्रतिवादी करावेच लागते. एखादा वारस किंवा एखादा गट राहिला, तर दावा तिथेच अडतो.

पुरावा झाला की न्यायालय प्राथमिक हुकूमनामा देते. त्यात फक्त हिस्से ठरतात: वादी मुलीचा एक सोळांश. कुठला बांध कुणाचा, विहीर कुणाकडे, यातले त्यात काही नसते. सरकारी सारा असलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथून भूमी अभिलेखचे मोजणीदार शेतात येतात आणि वाटप तक्ता तयार होतो.

खरी गाठ पडते ती तक्त्यावर. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानुसार वाटपातही ‘तुकडा’ पाडता येत नाही. 2023 पासून राज्याच्या बहुतेक भागांत जिरायतीसाठी किमान 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ठरले आहेत. म्हणजे हीच जमीन बागायत असती, तर मुलीचे 10 गुंठे बरोबर बसले असते. जिरायतीत ते तुकडा ठरतात, आणि कायद्याचे कलम 8अअ तिला जमिनीऐवजी पैसे देते. ज्यांच्याकडे हिश्श्यापेक्षा जास्त जमीन जाईल, त्यांनी त्या प्रमाणात हे पैसे भरायचे. जमीन सगळ्यांना पुरत नसेल आणि कुणी घ्यायची यावर एकमत होत नसेल, तर चिठ्ठ्या टाकायच्या. एवढी वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर निकाल चिठ्ठीवर, हे वादीच्या पचनी पडणे अवघडच.

वाट मात्र एक आहे. आईचेही 10 गुंठे आहेत. दोघींनी आपला वाटा एकत्रच मागितला, तर 20 गुंठ्यांचा सलग पट्टा होतो आणि तुकड्याचा प्रश्न मिटतो. म्हणून अनुभवी वकील दाव्याचा मसुदा लिहिण्याआधी आई कुणाच्या बाजूने उभी राहणार, हे विचारून घेतो.